एक एलईडी, पंधरा मिनिटं : टेक फेस्टच्या टॉकच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

टेक फेस्टमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकाची, ओळख करून द्यायचं काम आमच्या दोघांच्या गळ्यात पडलं. पंधरा मिनिटं, सेमिनार हॉल, समोर सगळ्या ब्रँचची मुलं. म्हणजे मेकॅनिकल आणि सिव्हिलचीसुद्धा, ज्यांनी आजवर सर्किट जोडायचा ब्रेडबोर्ड हातात धरलेला नाही.

रात्री बसून मी अठ्ठावीस स्लाइड केल्या. मायक्रोप्रोसेसर आणि मायक्रोकंट्रोलरमधला फरक, ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा ब्लॉक डायग्राम, मेमरीचे प्रकार, शेवटी उपयोगांची यादी आणि वॉशिंग मशीनचं चित्र. सकाळी सरांना दाखवल्या. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिल्या आणि विचारलं, "यात कुठे काही हलतं का रे?"

नाही, कुठेच काही हलत नव्हतं. व्हायवाच्या आदल्या रात्री वाचायला बऱ्या, अशा स्लाइड होत्या त्या.

संध्याकाळी पार्टनरबरोबर कँटीनमध्ये बसून ठरवलं की एकच एलईडी लुकलुकवायचा. हॉलमधून बाहेर पडताना मुलांना एवढंच कळलेलं असावं, की इथे एकाही वायरला हात न लावता, नुसता एक आकडा बदलून, टेबलावरच्या वस्तूचं वागणं बदललं. ज्या स्लाइडला या वाक्याशी देणंघेणं नव्हतं ती उडवली. तीन उरल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजच्या लॅबमधले बोर्ड दुसऱ्या बॅचकडे अडकलेत, म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा क्लोन आणला. घेताना एकच हट्ट धरला होता, मोठी, अठ्ठावीस पायांची, सॉकेटमध्ये बसवलेली चिप असलेला हवा. दुकानदार म्हणाला, छोट्या चपट्या चिपचा घ्या, तेच काम करतो. काम तेच करतो हे खरं, पण ती चिप बोर्डाला कायमची डकवलेली असते. मला स्टेजवर स्क्रूड्रायव्हरने चिप उचकटून हातात धरायची आहे. हिरव्या बोर्डाकडे बोट दाखवून "हा मायक्रोकंट्रोलर" म्हटलं की मुलं अख्ख्या बोर्डालाच मायक्रोकंट्रोलर समजतात. मीही पहिलं वर्षभर तसंच समजत होतो. बोटभर लांबीची ही एटीमेगा ३२८पी म्हणजे खरी वस्तू, बाकी सगळा बोर्ड तिला वीज आणि यूएसबी पुरवायला आहे.

घरी येऊन लॅपटॉपला जोडला. बोर्डावरचा ON दिवा लागला, पण प्रोग्रॅम लिहून चढवायच्या आयडीईमध्ये पोर्टच दिसेना. ड्रायव्हर टाकला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, दुसऱ्या यूएसबीत घातला. अर्धा तास गेल्यावर पार्टनरने फोनवर विचारलं, "केबल कुठली आहे?" केबल जुन्या पॉवर बँकेबरोबर आलेली. अशा काही केबलींमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. दिवा लागतो, म्हणून केबलवर संशय जात नाही. ओळखायचं असेल तर पोर्टची यादी उघडी ठेवायची, केबल काढायची आणि परत घालायची. यादीत काहीच येत-जात नसेल तर आधी केबल बदलायची, ड्रायव्हरकडे नंतर.

केबल बदलल्यावर आयडीईतलं तयार Blink उदाहरण पहिल्याच फटक्यात चढलं. खाली काळ्या पट्टीत आलं की प्रोग्रॅमने ३२,२५६ पैकी ९२४ बाइट वापरले. हा आकडा स्लाइडवर घेतोय. ज्या मुलांच्या फोनमधला एक फोटो दोन-तीन एमबीचा असतो त्यांना हजार बाइटच्या आतला प्रोग्रॅम दाखवला तर 'छोटा संगणक' म्हणजे किती छोटा ते वेगळं सांगावं लागणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोर्डावरचा एलईडी तांदळाच्या दाण्याएवढा आहे, म्हणून बाहेर ब्रेडबोर्डवर लाल पाच मिलिमीटरचा लावायचा. तेरा नंबरच्या पिनऐवजी आठ नंबर घेतली. तेरावर बोर्डावरचा दिवाही जोडलेला असतो, मग दोन एलईडी एकदम लुकलुकतात आणि मुलं विचारतात की आपला कुठला.

रेझिस्टर किती, हे टॉकमध्ये एकदाच आणि नीट सांगणार आहे. पिन पाच व्होल्ट देते. लाल एलईडी त्यातले दोनेक व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. उरलेले तीन रेझिस्टरवर पडतात. तीन भागिले २२० ओहम म्हणजे साधारण साडेतेरा मिलीअँपिअर. या चिपच्या एका पिनमधून वीस मिलीअँपिअरपर्यंत घेणं ठीक, चाळीस ही सहनशक्तीची हद्द. रेझिस्टर न लावता एलईडी थेट पिनला जोडला तर तो झगझगीत लागतो आणि 'चालतंय की' असं वाटतं. तेव्हा पिन आणि एलईडी दोघंही हद्दीच्या आसपास किंवा पलीकडे राबत असतात. लगेच काही जळत नाही, म्हणूनच ही सवय लागते.

सर्किट लावलं. एलईडी लुकलुकला, पण इतका मंद की खिडकीचा पडदा ओढल्यावर कळलं. पार्टनरला वाटलं एलईडी खराब आहे. तीन बदलले, तिन्ही तसेच. मग रेझिस्टर उजेडात धरून त्याची किंमत सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहिल्या. लाल, लाल, आणि तिसरी पट्टी मी तपकिरी समजलेली, ती नारिंगी होती. म्हणजे २२० ओहम नव्हे, २२ हजार ओहम. ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि नारिंगी एकसारखे दिसतात, निदान मला तरी. तीन व्होल्ट भागिले २२ हजार म्हणजे एक मिलीअँपिअरचा सातवा भाग. तेवढ्यावरही लाल एलईडी थोडा मिणमिणतो, याचं मात्र कौतुक वाटलं.

दुकानात दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत टाकली होती. घरी येऊन मीच ती मिसळली, त्यामुळे कुणाला बोल लावायला जागा नाही. आता ब्रेडबोर्डवर जाण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा पूर्ण दिवस `delay` मधल्या, म्हणजे किती मिलिसेकंद थांबायचं त्या, आकड्याशी खेळण्यात गेला, आणि टॉकचा मधला भाग त्यातूनच निघाला.

५०० घातलं की अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. ही चिप सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके घेते. म्हणजे एलईडी अर्धा सेकंद लागलेला असतो तेवढ्यात आत ऐंशी लाख ठोके पडतात आणि त्यातले जवळजवळ सगळे नुसतं घड्याळ बघण्यात जातात.

आकडा कमी करत गेलो. १०० वर घाईघाईत, ४० वर फडफड, १० वर फडफड जवळजवळ थांबली आणि एलईडी सलग लागल्यासारखा वाटू लागला. सेकंदाला पन्नास वेळा लागत-विझत होता, तरी. पार्टनरने लांब जंपर वायर लावून तो हातात घेतला, खोलीत अंधार केला आणि हात जोरात फिरवला. हवेत सलग लाल रेघ न दिसता तुटक तुटक डॅश दिसले. हे बघताना आम्ही दोघंही पहिल्या वर्षाच्या पोरांसारखे ओरडलो, म्हणजे टॉकमध्ये हे घ्यायलाच हवं.

मग दोन्ही `delay` काढूनच टाकले. एलईडी सलग, पण न विझता लागलेला असतो त्यापेक्षा मंद. आता तो सेकंदाला लाखभर वेळा उघडझाप करतोय आणि जवळपास निम्मा वेळ बंद आहे, म्हणून उजेड कमी. इथे पार्टनरने एक बरोबर मुद्दा काढला: हे सांगताना 'डोळ्याला फसवणं' वगैरे लांबण लावायची नाही, हात फिरवून दाखवायचं आणि पुढे जायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मिळालं ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि चुकीतून मिळालं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅब सांभाळणाऱ्या मामांकडून चावी घेऊन सर्किट पुन्हा पहिल्यापासून लावलं. पार्टनरच्या लॅपटॉपवर माझा प्रोग्रॅम नव्हता, म्हणून तिने तयार Blink उघडून त्यात पिन बदलली. एलईडी लुकलुकला. मंद. शनिवारी होता अगदी तसाच.

"परत बावीस हजारवाला लावलास," ती म्हणाली. मी मोजून लावला होता. काढून पुन्हा मोजला, २१८ ओहम. दुसरा लावला. तरी मंद. एलईडी बदलला. ब्रेडबोर्डवर जागा बदलली, कारण या ब्रेडबोर्डची काही भोकं ढिली आहेत. बोर्डावरची पाच व्होल्टची पिन मोजली, ४.९ आले. सगळं जागच्या जागी आणि एलईडी मिणमिणतोय.

तेवढ्यात सर दारातून डोकावले. टेबलाजवळ आले, एलईडीकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "हे तर आपल्या ८०५१ सारखं वागतंय." मग म्हणाले, "रेझिस्टर मोजत बसू नका. पिनवर किती व्होल्ट आहेत ते बघा. एलईडी लागलेला असताना."

प्रोग्रॅममधला `delay` पाच हजार केला, म्हणजे मोजायला वेळ मिळेल. काळा प्रोब ग्राउंडला, लाल आठ नंबरच्या पिनला. आकडा आला १.६७.

पिन पाच व्होल्ट देतच नव्हती. सर म्हणाले, "आता प्रोग्रॅम वाच. मोठ्याने." पार्टनर वाचू लागली आणि दुसऱ्याच ओळीवर थांबली.

```
void setup() {
  pinMode(LED_BUILTIN, OUTPUT);
}
void loop() {
  digitalWrite(8, HIGH);
  delay(5000);
  digitalWrite(8, LOW);
  delay(5000);
}
```

तिने खालच्या दोन ओळींत पिन आठ केली होती. पिन इनपुट की आउटपुट हे ठरवणारी वरची `pinMode` ची ओळ तशीच राहिली होती. `LED_BUILTIN` म्हणजे तेरा, म्हणून आउटपुट झाली तेरा नंबरची पिन, आठ नंबरची नाही. आणि ज्या पिनबद्दल काहीच सांगितलेलं नाही ती इनपुट असते.

मग एलईडी मंद तरी का लागतो? माझ्या समजुतीने अजिबातच लागायला नको होता. सरांनी फळ्यावर पिनच्या आतलं चित्र काढलं. प्रत्येक पिनला आत, चिपमध्येच, पाच व्होल्टकडे जाणारा एक रेझिस्टर असतो, वीस ते पन्नास हजार ओहमच्या दरम्यानचा. तो बटणासाठी ठेवलेला आहे, म्हणजे बटण दाबलेलं नसताना पिन अधांतरी राहू नये. त्याला पुल-अप म्हणतात. पिन इनपुट असताना तिच्यावर `HIGH` लिहिलं तर पाच व्होल्ट बाहेर येत नाहीत, हा आतला रेझिस्टर जोडला जातो. `LOW` लिहिलं की सुटतो. म्हणजे आमचा एलईडी खराखुरा लुकलुकत होता, पण वीज येत होती त्या पुल-अपमधून. एक मिलीअँपिअरचा दहावा भाग, किंवा त्याच्या आसपास.

म्हणून शनिवारचा मंद आणि आजचा मंद डोळ्याला सारखे दिसले. दोन्ही वेळी वाटेत वीस-तीस हजार ओहम होते. फरक एवढाच की शनिवारी ते ब्रेडबोर्डवर होते, आज चिपच्या आत.

आणि ८०५१? सरांची आख्खी नोकरी त्यावर गेली आहे. त्या घराण्यातल्या चिपच्या पिना अशाच: विजेला आत ओढून घेताना दणकट, बाहेर ढकलताना अगदी दुबळ्या, कारण ढकलायला आत तसाच एक कमजोर पुल-अप आहे. त्यामुळे तिथे एलईडी उलटा जोडतात, पाच व्होल्टकडून पिनकडे, आणि शून्य लिहिलं की तो लागतो. आमच्या मॅन्युअलमध्ये एलईडी शून्यावर का लागतो हे मी दुसऱ्या वर्षी पाठ केलं होतं. कळलं आज.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. बुधवारची चूक टॉकमध्ये मुद्दाम करायची.

पार्टनर आधी विरोधात होती. नवख्यांसमोर चालणारी गोष्ट दाखवावी, बिघडलेली दाखवली तर त्यांना वाटेल हे सारखं बिघडतं. माझं म्हणणं, ते घरी जाऊन बोर्ड घेतील तेव्हा पहिल्या तासात मंद किंवा न लागणारा एलईडीच बघणार आहेत. शेवटी तिने अट घातली की चूक दाखवायची तर शोधण्याची रीत एकाच पायरीची हवी. 'हे तपासा, ते तपासा' अशी जंत्री नको.

म्हणून आज तिन्ही सर्किटं लावून नीट आकडे घेतले. बरोबर सर्किटमध्ये, एलईडी लागलेला असताना, पिनवर ४.७ व्होल्ट आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये २.८. पिनचे पाच पूर्ण येत नाहीत, कारण तेरा मिलीअँपिअर देताना ती स्वतः थोडी दबते. २२ हजारांचा रेझिस्टर असताना पिनवर ४.९ आणि रेझिस्टरवर ३.२. `pinMode` चुकलेलं असताना पिनवर १.६७ आणि रेझिस्टरवर जवळजवळ काहीच नाही, मीटर मिलीव्होल्टवर नेला तेव्हा वीसच्या आसपास.

म्हणजे मंद एलईडी दिसला की एकच मोजणी पुरते, पिन ते ग्राउंड. पाचच्या जवळ असेल तर पिन आपलं काम करतेय, दोष बाहेर ब्रेडबोर्डवर शोधा. दोनच्या खाली असेल तर पिन नीट आउटपुट झालेली नाही, प्रोग्रॅम वाचा. मेकॅनिकलच्या मुलालाही हे लक्षात राहील. तो पाण्याच्या लाइनमध्ये हेच करतो, टाकीजवळ दाब बघतो आणि मग ठरवतो की पुढे पाइप तुंबलाय की मागे पंपच चालू नाही.

एलईडी अजिबातच लागत नसेल तेव्हा ही रीत अपुरी पडते, हेही मान्य करायला हवं. एलईडीचे पाय उलटे असतील तर पिनवर छान पाच दिसतात. दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या एकाच पाच भोकांच्या ओळीत घुसवले असतील तरी पिनवर बरोबरच्या जवळचा आकडा येतो. त्यामुळे टॉकमध्ये स्पष्ट 'मंद' म्हणायचं, 'बिघडलेला' नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या शिवजयंतीची सुट्टी, परवा हॉल सजावटवाल्यांच्या ताब्यात. म्हणून हॉलमधली तालीम आजच.

मागच्या रांगेत पार्टनरला बसवलं. एलईडी लावला. ती म्हणाली, "काय दिसायला पाहिजे?" काहीच दिसत नव्हतं. मग फोन स्टँडवर लावून त्याचं चित्र प्रोजेक्टरवर टाकलं. आता एलईडी पडद्यावर हातभर मोठा दिसला, पण पांढरा. मधोमध पांढरा डाग आणि कडेला गुलाबी धूर. शिवाय एलईडी लागला की फोन आपोआप उजेड कमी करायचा आणि विझला की वाढवायचा, त्यामुळे एलईडीपेक्षा टेबलच जास्त लुकलुकायचं.

तीन गोष्टी केल्या. फोनमध्ये एलईडीवर बोट दाबून धरलं आणि उजेडाचं माप तिथेच अडकवून टाकलं. टॉकपुरता २२० ऐवजी एक हजार ओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे प्रवाह तीनेक मिलीअँपिअरवर आला. आणि जिमखान्यातून आणलेल्या टेबल टेनिसच्या फुटक्या चेंडूला भोक पाडून तो एलईडीवर टोपीसारखा बसवला. आता सगळा चेंडू लाल होतो आणि तो कॅमेऱ्याशिवायही पाचव्या रांगेपर्यंत दिसतो.

एक गंमत फुकटात मिळाली. `delay(10)` वर समोरच्या चेंडूकडे पाहिलं तर सलग लाल, आणि त्याच वेळी पडद्यावर तोच चेंडू थरथरताना दिसतो. सेकंदाला पन्नास वेळा लुकलुकणारी वस्तू फोन सेकंदाला तीस वेळा टिपतोय. दोन ताल जुळत नाहीत. हात फिरवून डॅश दाखवायची आता गरजच नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते दिसलेही नसते.

शेवटी लॅपटॉप काढून बोर्ड पॉवर बँकेवर चालवून दाखवायचा होता, म्हणजे प्रोग्रॅम चिपमध्येच राहतो हे कळेल. लावला, लुकलुकला, मी बोलत राहिलो, आणि अर्ध्या मिनिटाने सगळं बंद. बोर्ड एवढी कमी वीज खातो की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज होऊन निघून गेला, आणि ती झोपते. फोनचा साधा चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड यादीत टाकले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वर्गातच एक रंगीत तालीम. चौथ्या वर्षाचे दोघं मुद्दाम छळायला बसले होते. एकाने विचारलं, "५५५ टायमरने पण एलईडी लुकलुकतो. दहा-वीस रुपयांत. मग हे कशाला?"

प्रश्न रास्त आहे आणि उद्या कुणीतरी विचारणारच. त्यामुळे घरी ५५५ चं सर्किटही लावलं: एक हजार आणि ६८ हजारांचे रेझिस्टर, दहा मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, सेकंदाला साधारण एकदा. ते शेजारी ठेवणार. एकाच वेगाने लुकलुकायचं असेल तर ५५५ च घ्या, असं सरळ सांगणार. मग मुलांना विचारणार की दोनदा पटकन आणि एकदा सावकाश लुकलुकवायचं असेल तर काय? ५५५ ला त्यासाठी आणखी चिप आणि वायरी लागतील, इथे चार ओळी वाढतात.

सव्वीस मिनिटं झाली. ८०५१ ची गोष्ट काढावी लागली. जीवावर आलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. घाईत लिहितोय, उद्या विसरेन.

चिप उचकटून हातात धरली तेव्हा पुढच्या रांगा उठून बघायला आल्या. परत बसवताना एक पाय वाकला, स्टेजवर, सगळ्यांसमोर. पार्टनरने तोपर्यंत ९२४ बाइटची स्लाइड लावून वेळ काढला. पाय नखाने सरळ केला, तुटला नाही. पुढच्या वेळी दाखवायला वेगळी चिप खिशात ठेवायची.

"एक आकडा सांगा," म्हटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "एक लाख!" मी हसून `delay(100000)` टाकलं आणि चढवलं. चेंडू लाल झाला आणि तसाच राहिला. दहा सेकंद, वीस सेकंद. मुलं म्हणाली, हँग झालं. मी म्हटलं, हँग नाही, मोजतेय, एक लाख मिलिसेकंद म्हणजे शंभर सेकंद. तोपर्यंत ती दुसरं काहीही करणार नाही, बटण लावलं असतं तरी त्याकडे बघितलं नसतं. `delay` ची ही मोठी मर्यादा मी स्लाइडवर घेतलीच नव्हती. एका आगाऊ पोरामुळे ती आपोआप समजावली गेली. बोलता बोलता आम्ही पुढे सरकलो, आणि एक मिनिट चाळीस सेकंदांनी चेंडू विझला तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

नंतर सर म्हणाले, बरं झालं आकडा सरळ लिहिलास, `100 * 1000` असा गुणाकार केला नाहीस. दोन्ही आकडे छोटे म्हणून ही चिप गुणाकारही छोट्याच खणात करते. उत्तर खणाबाहेर जातं, उलटून ऋण होतं, आणि `delay` ते जवळपास पन्नास दिवस असं वाचतो.

मंद एलईडीच्या वेळी एका मुलीला वर बोलावलं. प्रोब धरून तिने आकडा वाचला, "वन पॉइंट सिक्स." विचारलं, दोष ब्रेडबोर्डवर की प्रोग्रॅममध्ये? अर्धा हॉल 'प्रोग्रॅम' म्हणाला. तिने पडद्यावर `LED_BUILTIN` खोडून ८ लिहिलं, चढवलं आणि चेंडू लख्ख झाला.

५५५ चा प्रश्न कुणीच विचारला नाही. सर्किट टेबलावर एकटंच लुकलुकत बसलं होतं.

एकूण एकोणीस मिनिटं. आयोजकांनी दोनदा चिठ्ठी पाठवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सामान परत केलं. मल्टिमीटर, दोन ब्रेडबोर्ड, जंपर (तीन कमी, भरून द्यायचे आहेत), एक्स्टेन्शन बोर्ड. चेंडू जिमखान्याला नको होता, तो माझ्याकडेच.

उरलेले रेझिस्टर लॅबला देऊन टाकले. मामा घेईनात. म्हणाले, "आधी मोजून दे. मागच्या वर्षी असेच कुणी तरी मिसळून दिले, अजून निस्तरतोय." दोघांनी बसून एकेक मोजला. २२० चे एक्केचाळीस निघाले, २२ हजारांचे सदतीस. मामांनी दुसऱ्या ढिगासाठी बडीशेपेची रिकामी डबी काढली, वर चिकटपट्टी लावली आणि पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नारिंगी'.

दुपारी सिव्हिलचा एक मुलगा लॅबच्या दाराशी येऊन उभा होता. बोर्ड आणलाय म्हणाला, पण पोर्ट दिसत नाही. मी विचारलं, "केबल कुठली आहे?"